एकच आयगेनव्हॅल्यू, दोन मितींची आयगेनस्पेस आणि दोन बरोबर उत्तरं

चाचणीचा प्रश्न मीच काढला होता. एका ४×४ मॅट्रिक्सला २ ही एकच आयगेनव्हॅल्यू आहे, तिच्या आयगेनस्पेसची मिती २ आहे, तर मॅट्रिक्सचा जॉर्डन फॉर्म लिहा. काढताना डोळ्यांसमोर एक ठरावीक मॅट्रिक्स होती आणि तिचा फॉर्म मला ठाऊक होता. पण आकडेमोड लांबेल म्हणून मी मॅट्रिक्स गाळली आणि तिची ही दोनच लक्षणं कागदावर ठेवली. तपासायला बसल्यावर दिसलं की उत्तरं दोन तऱ्हेची आली आहेत, आणि दोन्ही तऱ्हांमध्ये नेहमी नीट लिहिणारी मुलं आहेत. तिसऱ्या तऱ्हेचं एक उत्तर होतं, ‘दिलेली माहिती पुरत नाही’ एवढंच. तेच खरं उत्तर होतं.

दोन तऱ्हा या:

```
2 1 0 0        2 1 0 0
0 2 1 0        0 2 0 0
0 0 2 0        0 0 2 1
0 0 0 2        0 0 0 2
```

डावीकडे ३ चा एक ब्लॉक आणि १ चा एक. उजवीकडे २ चे दोन. दोन्हींत कर्णावर चार वेळा २ आहे. दोन्हींत आयगेनस्पेसची मिती २ आहे, कारण प्रत्येक ब्लॉक आपला एकच स्वतंत्र आयगेनव्हेक्टर देतो, मग तो ब्लॉक कितीही मोठा असो. आयगेनस्पेसची मिती म्हणजे ब्लॉक्सची संख्या. त्यांचे आकार ती सांगत नाही. आयगेनव्हॅल्यू किती वेळा येते हे सगळ्या आकारांची बेरीज सांगतं. म्हणजे माझा प्रश्न प्रत्यक्षात एवढाच होता की ४ ही संख्या दोन भागांत कशी मांडाल. ३+१ किंवा २+२, आणि निवड कशी करायची याबद्दल प्रश्न गप्प.

‘माहिती पुरत नाही’ हे वर्गात सांगून भागत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन मॅट्रिक्स लिहिल्या. पहिली तीच, जी प्रश्न काढताना डोक्यात होती. दुसरी रात्री बसून जुळवली.

```
A =  3  0 -1  2        B =  0  3  2 -1
     1  1 -1  1            -1  3  1 -1
     0  1  2  1             0  1  2  1
     0  0  0  2             1 -1 -1  3
```

A ची आयगेनव्हॅल्यू काढणं सोपं आहे. शेवटच्या ओळीत कर्णावरचा २ सोडला तर सगळी शून्यं आहेत, त्यामुळे (x−2) हा एक अवयव लगेच बाहेर येतो आणि डावीकडची वरची ३×३ मॅट्रिक्स उरते. तिच्या कर्णाची बेरीज ६, कर्णावरच्या २×२ मायनरांची बेरीज ३+६+३ म्हणजे १२, आणि डिटरमिनंट ८. म्हणजे x³ − 6x² + 12x − 8, अर्थात (x−2)³. पूर्ण कॅरेक्टरिस्टिक पॉलिनोमियल (x−2)⁴. B चंही हेच आहे. ते सरळ विस्तार न करता कसं दिसतं ते पुढे येईलच.

आता आयगेनस्पेस. A − 2I ला N म्हणू आणि B − 2I ला M.

```
N =  1  0 -1  2        M = -2  3  2 -1
     1 -1 -1  1            -1  1  1 -1
     0  1  0  1             0  1  0  1
     0  0  0  0             1 -1 -1  1
```

N ला चार अज्ञातांच्या व्हेक्टरवर लावून शून्याशी बरोबरी केली की तिसऱ्या ओळीवरून दुसरा घटक हा चौथ्याचा उणा ठरतो. पहिल्या ओळीवरून पहिला घटक म्हणजे तिसरा वजा चौथ्याची दुप्पट. दुसरी ओळ मग आपोआप पाळली जाते. तिसरा आणि चौथा घटक मोकळे राहिले, म्हणून मिती २, आणि बेसिस p = (1, 0, 1, 0) आणि w = (-2, -1, 0, 1). हे दोन्ही व्हेक्टर M वर लावून पाहा. M·p ची पहिली ओळ −2+2, दुसरी −1+1, तिसरी 0, चौथी 1−1. M·w ची पहिली ओळ 4−3−1, दुसरी 2−1−1, तिसरी −1+1, चौथी −2+1+1. सगळीकडे शून्य. M ची पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींच्या पटीत नाहीत, म्हणून रँक किमान २ आहे. नल स्पेसची मिती त्यामुळे २ पेक्षा जास्त होऊ शकत नाही.

इथे वर्गात जरा चुळबुळ झाली, आणि व्हायलाच हवी होती. A आणि B यांची आयगेनव्हॅल्यू सारखी, आयगेनस्पेसची मिती सारखी, एवढंच नाही. आयगेनस्पेस स्वतःच तीच आहे, तेच दोन व्हेक्टर. आयगेनव्हेक्टरांची पूर्ण यादी हातात ठेवली तरी या दोघींमध्ये फरक करता येत नाही. जॉर्डन फॉर्म मात्र वेगळे आहेत.

फरक दिसतो वर्ग केल्यावर.

```
N² =  1 -1 -1  1        M² =  0 0 0 0
      0  0  0  0              0 0 0 0
      1 -1 -1  1              0 0 0 0
      0  0  0  0              0 0 0 0
```

M² शून्य झाली, म्हणून B ला २ सोडून दुसरी आयगेनव्हॅल्यू असूच शकत नाही आणि (x−2)⁴ आपोआप मिळतं. मघाशी लांबवलेला हिशोब इथे मिटला. N² ची रँक १ आहे आणि N³ शून्य.

वर्गच का, हे एका ब्लॉकच्या पोटात डोकावलं की कळतं. k आकाराच्या ब्लॉकमध्ये k व्हेक्टरांची साखळी असते. N लावलं की वरचा व्हेक्टर एक पायरी खाली येतो, आणि सगळ्यात खालचा, म्हणजे आयगेनव्हेक्टर, शून्यात पडतो. N एकदा लावल्यावर प्रत्येक साखळीतला एकच व्हेक्टर मरतो, त्यामुळे पहिल्या खेपेला साखळ्यांची संख्या कळते, लांबी नाही. दुसऱ्या खेपेला ज्यांची लांबी २ किंवा अधिक आहे त्याच साखळ्यांमधून आणखी एकेक मरतो. N² च्या नल स्पेसची मिती वजा N च्या नल स्पेसची मिती म्हणजे निदान २ आकाराच्या ब्लॉक्सची संख्या. A साठी या मिती २, ३, ४ अशा चढतात: दोन ब्लॉक, त्यांतला एकच २ किंवा मोठा, आणि तोच ३ चा. B साठी २, ४: दोन ब्लॉक, दोन्ही निदान २ चे, आणि जागा संपली.

मिनिमल पॉलिनोमियलच्या भाषेत सांगायचं तर A साठी ते (x−2)³ आणि B साठी (x−2)². मिनिमल पॉलिनोमियलमधला घात म्हणजे सगळ्यात मोठ्या ब्लॉकचा आकार. ४×४ मध्ये ब्लॉक्सची संख्या आणि सगळ्यात मोठा आकार कळला की बाकी काही उरत नाही. पण ही सवय पुढे नेऊ नका. आकार ७ ला ३+३+१ आणि ३+२+२ यांत तीन-तीनच ब्लॉक आहेत आणि मोठ्यात मोठा ३ च आहे. तिथे मिनिमल पॉलिनोमियलही हात टेकतं. नल स्पेसच्या मितींचा जिना मात्र तिथेही चालतो.

आता मॅट्रिक्सला जॉर्डन फॉर्म J मध्ये नेणारी, म्हणजे A·P = P·J पाळणारी P प्रत्यक्ष काढताना काय होतं ते. बहुतेक जण खालून वर जातात: आधी आयगेनव्हेक्टर काढायचे, मग प्रत्येकासाठी N·u = आयगेनव्हेक्टर हे समीकरण सोडवून साखळी वाढवायची. B मध्ये ही पद्धत सुरळीत चालते, कारण तिथे M ची प्रतिमा आणि आयगेनस्पेस एकच आहेत. कुठलाही आयगेनव्हेक्टर उचला, त्याच्या वरची पायरी सापडतेच. A मध्ये मात्र ती फसवी आहे. N ची शेवटची ओळ शून्यांची आहे, म्हणून N·u चा चौथा घटक नेहमी शून्य. w चा चौथा घटक १ आहे, तेव्हा w च्या वर पायरीच नाही. p च्या वर आहे. इथवर ठीक.

पण आयगेनस्पेसचा बेसिस काही ठरलेला नसतो. समजा कोणी p ऐवजी p + w, म्हणजे (-1, -1, 1, 1) घेतला, आणि दुसरा w. बेसिस म्हणून यात काडीची चूक नाही. पण दोघांचाही चौथा घटक १ आहे, त्यामुळे दोन्हींची समीकरणं अनुत्तरित राहतात. एका उत्तरपत्रिकेत मागे असंच पाहिलं होतं: दोन्ही समीकरणं विसंगत निघाली आणि मुलाने ‘ही मॅट्रिक्स जॉर्डन फॉर्ममध्ये जात नाही’ असा निष्कर्ष काढला. संमिश्र संख्यांवर तर प्रत्येक चौरस मॅट्रिक्स जाते. गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. साखळी वाढवण्याजोगा व्हेक्टर त्या आयगेनस्पेसमध्ये होता, फक्त त्याने निवडलेल्या दोघांपैकी तो कोणीच नव्हता.

म्हणून मी वरून खाली जायला सांगतो. N² ज्याला मारत नाही असा कुठलाही व्हेक्टर शिखरावर घ्यायचा. N² चा पहिला स्तंभ शून्य नाही, म्हणजे r = (1, 0, 0, 0) चालेल. मग q = N·r म्हणजे N चा पहिला स्तंभच, (1, 1, 0, 0). मग N·q = (1, 0, 1, 0), आणि हा तर p. समीकरण एकही सोडवावं लागलं नाही, नुसता गुणाकार. साखळी p, q, r तयार. उरलेल्या १ च्या ब्लॉकसाठी आयगेनस्पेसमधला p च्या पटीत नसलेला कोणताही व्हेक्टर, तो w.

```
P =  1  1  1 -2        J =  2 1 0 0
     0  1  0 -1             0 2 1 0
     1  0  0  0             0 0 2 0
     0  0  0  1             0 0 0 2
```

P चा डिटरमिनंट −1. ताळा घेताना P चा व्यस्त काढत बसू नये. A·P आणि P·J स्तंभागणिक जुळवावं. A·r = (3, 1, 0, 0), आणि 2r + q सुद्धा (3, 1, 0, 0). A·q = (3, 2, 1, 0), तेच 2q + p. A·p = 2p, A·w = 2w. झालं. स्तंभांचा क्रम मात्र आयगेनव्हेक्टर आधी, शिखर शेवटी असाच हवा. उलटा लावला तर १ कर्णाच्या खाली जातात. काही पुस्तकं फॉर्म तसाच लिहितात, त्यामुळे ते चूक नाही; पण J एका रीतीने आणि P दुसऱ्या रीतीने लिहिली की A·P = P·J मोडतं. ब्लॉक्स मागेपुढे झाले तर चालतं, फक्त P चे स्तंभही त्यांच्याबरोबर हलवायचे.

B मध्ये एक गंमत आहे. तिथेही हेच चार व्हेक्टर पुरतात. M·q = p आणि M·r = w. म्हणजे p, q ही एक साखळी आणि w, r ही दुसरी. चार माणसं तीच, फक्त A मध्ये तिघं एका शिडीवर आणि एक जमिनीवर, B मध्ये दोन-दोन पायऱ्यांच्या दोन शिड्या. आयगेनस्पेस फक्त जमिनीवरचे दोघं दाखवते, p आणि w. r कोणाच्या डोक्यावर उभा आहे ते तिला दिसत नाही.

मग ‘आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनस्पेसच्या मिती दिल्यावर फॉर्म लिहा’ हा प्रश्न मुळातच वाईट आहे का? नाही, आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा काढला जातो. आयगेनव्हॅल्यू एक, दोन किंवा तीन वेळा येत असेल तर ब्लॉक्सच्या संख्येवरून आकार पक्के ठरतात. तीन वेळा येऊन मिती २ असेल तर २+१ शिवाय वाट नाही. उदाहरणार्थ ५ तीन वेळा, −१ एकदा, आणि ५ च्या आयगेनस्पेसची मिती २: ५ चा २ आकाराचा ब्लॉक, ५ चा सुटा, −१ चा सुटा. दुसरा विचारच नको. दोन आयगेनव्हॅल्यू दोन-दोनदा येत असतील तरी तेच. चार वेळा येऊन मिती १ असेल तर ४ चा अखंड ब्लॉक, मिती ३ असेल तर २+१+१, मिती ४ असेल तर मॅट्रिक्स आधीच 2I सारखी कर्णी आहे. अडतं ते फक्त चार वेळा आणि मिती २ या एकाच जागी.

मोजायचं म्हटलं तर संमिश्र संख्यांवर ४×४ चे जॉर्डन प्रकार, आयगेनव्हॅल्यूंची किंमत बाजूला ठेवून फक्त ब्लॉक्सची रचना पाहिली, तर १४ भरतात. एकच आयगेनव्हॅल्यू असताना ५, तीन आणि एक अशा वाटणीत ३, दोन आणि दोन अशा वाटणीत ३, दोन-एक-एक मध्ये २, आणि चारही वेगळ्या असताना १. या १४ पैकी १२ माझ्या प्रश्नाच्या साच्यात बिनचूक ओळखू येतात. उरलेल्या दोघांचा वेश एकच, आणि मी नेमके तेच उचलले होते.

संगणकावर ताळा घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण ही मॅट्रिक्स तिथे फार चमत्कारिक वागते. A मधल्या पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या जागेवरचा −1 बदलून −0.999 करा. वर काढलेल्या ३×३ तुकड्यात कर्णाची बेरीज आणि मायनरांची बेरीज तशीच राहते. डिटरमिनंट मात्र ८ चा ८.००१ होतो. समीकरण (x−2)³ = 0.001 झालं, आणि आयगेनव्हॅल्यू २.१ निघाली! बाकी दोन संमिश्र, साधारण 1.95 ± 0.087i. नोंदीत एक हजारांश हलवला आणि आयगेनव्हॅल्यू एक दशांश सरकली. ३ चा ब्लॉक असला की नोंदीतली चूक जेवढी, तिचं घनमूळ पुढे येतं, २ चा असला की वर्गमूळ. नेहमीच्या दशांश हिशोबात चूक सोळाव्या दशांश स्थळाच्या आसपास असते, आणि तिचं घनमूळ पाचव्या-सहाव्या स्थळावर उमटतं. त्यामुळे 2.00001 आणि 1.999995 अशा जोडीला किंचित काल्पनिक भाग चिकटलेली उत्तरं आली तर ती चार वेगळ्या आयगेनव्हॅल्यू समजू नयेत. आणि खरोखर वेगळ्या मानल्या तर मॅट्रिक्स कर्णी करता येते असं म्हणावं लागेल, जे A बाबत साफ खोटं आहे. जॉर्डन फॉर्म अचूक पूर्णांकांतच काढावा:

```
from sympy import Matrix, eye
A = Matrix([[3,0,-1,2],[1,1,-1,1],[0,1,2,1],[0,0,0,2]])
N = A - 2*eye(4)
print(N.rank(), (N**2).rank(), (N**3).rank())
```

छापून येतं `2 1 0`. चारातून हे आकडे वजा केले की नल स्पेसचा जिना, २, ३, ४.

गुणांचं म्हणाल तर दोन्ही फॉर्मना पूर्ण गुण दिले आणि ‘माहिती पुरत नाही’ लिहिणाऱ्या मुलीलाही. तिने कारण लिहिलं नव्हतं, पण प्रश्नानेही ते विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला तोच प्रश्न दुरुस्त करून घातला: २ ही एकच आयगेनव्हॅल्यू, आयगेनस्पेसची मिती २, आणि (A−2I)² ची रँक १. छापून झाल्यावर लक्षात आलं की आता मितीची माहिती फालतू झाली आहे. एकच आयगेनव्हॅल्यू असलेल्या ४×४ मध्ये वर्गाची रँक ४ च्या अखंड ब्लॉकसाठी २ असते, ३+१ साठी १, आणि बाकी तिन्ही प्रकारांसाठी शून्य. रँक १ सांगितली की ३+१ ठरलंच. तरी मिती तशीच राहू दिली; एका मुलाने उत्तराखाली लिहिलं होतं, ‘आयगेनस्पेसची मिती वापरावी लागली नाही’.